स्क्रिप्ट उजळणीपासून लिहायला घ्या

प्रश्न: मी बेळगावात उद्यमबागजवळ आयटीआयच्या मुलांना शिकवतो. ऑनलाइन कोर्ससाठी ‘व्हर्निअर कॅलिपरचं रीडिंग’ हा व्हिडिओ करायचाय. सुरुवातीला उद्दिष्ट बोलून सांगायचं आणि शेवटी उजळणी घ्यायची, अशी कोर्सवाल्यांची अट आहे. स्क्रिप्ट लिहिली की मी बातम्या वाचल्यासारखा बोलतो, आणि न लिहिता बोललो तर भरकटतो. वर्गात मी असा बोलत नाही. काय करू?

उत्तर:

सर, स्क्रिप्ट सोडू नका, फक्त लिहिण्याचा क्रम उलटा करा. शेवटची उजळणी आधी लिहा, तिच्यावरून उद्दिष्ट काढा आणि मधला भाग सगळ्यात शेवटी लिहा.

उद्दिष्ट आणि उजळणी हे दोनच भाग सगळ्यात जास्त वाचल्यासारखे का वाटतात? कारण ते लिहिताना तुमच्या डोळ्यांसमोर मुलगा नसतो, कोर्सचा फॉर्म असतो. ‘या पाठाच्या शेवटी विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपरच्या साहाय्याने अचूक मापन करण्यास सक्षम होतील’ हे वाक्य कोर्स तपासणाऱ्यासाठी आहे. ते कितीही गोड आवाजात म्हटलं तरी वाचलेलंच ऐकू येणार. ते कोर्सच्या पानावर लेखी राहू द्या, तिथं त्याची गरज आहे. तोंडानं बोलायचं वाक्य वेगळं लिहावं लागतं.

मी अशा कोर्सच्या स्क्रिप्ट लिहिते आणि बोलणारे बहुतेक वेळा वर्कशॉपमधले सर असतात. त्यामुळं कागदावरचं कुठलं वाक्य तोंडात अडकतं, हे रोज समोर दिसतं. तुमचाच व्हिडिओ घेऊन सांगते.

आधी शेवट ठरवा

व्हिडिओच्या शेवटी मुलासमोर एक चित्र येणार आहे असं धरा. पन्नास भागांचा व्हर्निअर, रीडिंग ३१.७२. हे चित्र व्हिडिओत आधी कुठंही दाखवलेलं नाही. ते बघून मुलानं स्वतः ‘एकतीस पॉइंट सात दोन’ म्हणायचं आहे. हीच तुमची उजळणी. ‘आज आपण काय काय शिकलो’ म्हणून मुद्दे मोजून दाखवायचे नाहीत, शिकलेलं काम एकदा त्याच्याकडून करून घ्यायचं.

यामागं ठोस कारण आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढं होते. तुम्ही मुद्दे परत वाचून दाखवता तेव्हा मुलाला ‘कळलं की’ असं वाटतं आणि तुम्हालाही समाधान मिळतं. पण पुढच्या सोमवारी तो निपाणीहून किंवा खानापूरहून येऊन जॉबवर व्हर्निअर लावेल, तेव्हा उपयोगी पडतं ते त्यानं स्वतः डोकं चालवून काढलेलं रीडिंग.

शेवटचं चित्र ठरलं की उद्दिष्ट आपोआप नेमकं होतं. रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये मांडलेली कसोटी इथं आजही पुरेशी आहे: शिकणारा काय करेल, कुठल्या परिस्थितीत करेल आणि किती बरोबर करेल. तुमच्या व्हिडिओत काय करेल? रीडिंग घेईल. कुठल्या परिस्थितीत? पन्नास भागांचा व्हर्निअर असेल आणि जबडे बंद केल्यावर शून्यासमोर शून्य येत असेल. किती बरोबर? ०.०२ मिलिमीटरपर्यंत.

या परिस्थितीच्या अटीकडं विशेष लक्ष द्या, कारण ती तुम्हाला भरकटू देत नाही. झिरो एरर आज नाही, तो पुढच्या व्हिडिओत. ४९ मिलिमीटरचे ५० भाग केले म्हणून एक भाग ०.९८ चा आणि फरक ०.०२ चा, हे तत्त्वही आज फक्त एका वाक्यात. परीक्षेत ते विचारतात हे खरं, म्हणून त्याचा वेगळा व्हिडिओ करा. शेवटच्या चित्राला जे लागत नाही ते या स्क्रिप्टमध्ये नको. गुओ, किम आणि रुबिन यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या, लाखो वेळा पाहिलेल्या व्हिडिओंचा अभ्यास केला. लोक साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतात, व्हिडिओ त्याहून लांब झाला तरी बघण्याचा वेळ त्याबरोबर वाढत नाही, असं त्यांना दिसलं. सहा मिनिटांत एकच काम नीट बसतं.

उद्दिष्ट बोलायचं कसं

उद्दिष्ट पहिल्या वाक्यात सांगू नका. ज्याला अजून अडचणच दिसलेली नाही, त्याला उद्दिष्ट म्हणजे नुसती सूचना वाटते. आधी अर्धा मिनिट अडचण दाखवा आणि उद्दिष्ट तिच्यावरचं उत्तर म्हणून येऊ द्या. हातात शाफ्ट घेऊन असं बोलता येईल:

> हा शाफ्ट बघा.
> ड्रॉइंगवर काय लिहिलंय? पंचवीस, प्लस-मायनस पॉइंट शून्य पाच.
> म्हणजे चोवीस पॉइंट नऊ पाचच्या खाली गेला, की रिजेक्ट.
>
> आता एकानं व्हर्निअर लावला, म्हणाला चोवीस पॉइंट नऊ चार.
> दुसऱ्यानं लावला, म्हणाला नऊ सहा.
> जॉब तोच. एकाच्या हातात रिजेक्ट, दुसऱ्याच्या हातात पास.
>
> कोण बरोबर?
>
> पाच-सहा मिनिटांत हे तुम्हीच सांगणार आहात.
> असा पन्नास भागांचा व्हर्निअर समोर आला, की रीडिंग तुम्ही घ्यायचं. पॉइंट शून्य दोनपर्यंत, बिनचूक.
> आणि हो, बंद केल्यावर याचा शून्य शून्यासमोर येतोय. आज तसाच व्हर्निअर घेऊ.

मेगरच्या तिन्ही गोष्टी यात आल्या. पण ‘उद्दिष्ट’ हा शब्द आला नाही, ‘सक्षम’ आला नाही, ‘विद्यार्थी’ही आला नाही. ‘तुम्ही’ आलं आणि काम सांगणारं क्रियापद आलं: रीडिंग घ्यायचं. हेच क्रियापद शेवटच्या उजळणीत जसंच्या तसं वापरा. सुरुवातीला ‘रीडिंग घ्यायचं’ आणि शेवटी ‘मापनाची पद्धत समजून घेतली’ असं झालं, तर ऐकणाऱ्याला दोन टोकं जुळल्यासारखी वाटत नाहीत.

अजून एक. कोर्सवाल्यांनी दिलेली उद्दिष्टाची स्लाइड दाखवून तीच वाचून दाखवू नका. डोळ्यांचा वाचण्याचा वेग तोंडापेक्षा जास्त असतो. मुलगा आधीच वाचून मोकळा होतो आणि तुमचं बोलणं मागून येत राहतं. स्लाइड लागणारच असेल तर तिच्यावर फक्त शाफ्टचा फोटो आणि दोन रीडिंग ठेवा.

कागदावर वाचनाचा सूर कुठून शिरतो

आपली लिहिण्याची मराठी आणि बोलण्याची मराठी वाक्याच्या रचनेतच वेगळ्या आहेत. पुस्तकात असं असतं: ‘व्हर्निअर कॅलिपर हे अचूक मापनासाठी वापरले जाणारे एक उपकरण असून त्यामध्ये मुख्य मापपट्टी व सरकती मापपट्टी अशा दोन मापपट्ट्या असतात.’ कणा कुठला, हे कळायला शेवटच्या ‘असतात’पर्यंत थांबावं लागतं. बोलणाऱ्याला मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, म्हणून तो एका सुरात रेटत नेतो आणि शेवटी आवाज खाली टाकतो. असं प्रत्येक वाक्यात झालं की बातम्या वाचल्याचा सूर तयार होतो. वर्गात तुम्ही तेच कसं सांगता? ‘यावर दोन पट्ट्या आहेत बघा. ही मोठी, ही जागची हलत नाही. मेन स्केल. आणि ही सरकते ती व्हर्निअर.’ वस्तू आधी, माहिती मागून, आणि दर दोन-चार शब्दांना श्वास.

म्हणून मधला भाग टेबलावर बसून लिहू नका. व्हर्निअर हातात घ्या, एखादा मुलगा किंवा सहकारी समोर बसवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि त्याला शिकवा. मग ते ऐकून जसंच्या तसं उतरवा. आता त्यातली फिरून आलेली वाक्यं आणि भरकटलेले भाग काढा, पण ‘हे बघा’, ‘बरं’, ‘मग’, ‘इथं’ हे सगळंच पुसून टाकू नका. ‘इथं’चं ‘येथे’ आणि ‘बघा’चं ‘पाहावे’ केलंत, की पुन्हा पुस्तक झालं. उतरवलेल्या मजकुरात ‘असून’, ‘द्वारे’, ‘केले जाते’, ‘सदर’ यातलं काही दिसलं, तर ते तुम्ही बोललेलं नाही, उतरवताना हातानं घुसवलेलं आहे. ते वाक्य मोडून दोन करा.

शब्दही वर्कशॉपमधलेच ठेवा. मेन स्केल, रीडिंग, जॉब, ड्रॉइंग हे शब्द आपल्या भागात घरी कन्नड बोलणाऱ्या मुलालाही लगेच कळतात आणि मराठी शाळेतून आलेल्यालाही. ‘लघुतम माप’ परीक्षेसाठी लागतं, तर ‘लीस्ट काउंट’ म्हणताना एकदा ते सांगून टाका. आकड्यांचं मात्र जपून करा. ‘चौऱ्याण्णव’ आणि ‘शहाण्णव’ मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर, तेही बसमध्ये, वेगळे ऐकू येत नाहीत, आणि तुमच्या व्हिडिओत सगळा फरक तेवढ्याचाच आहे. पॉइंटनंतर एकेक आकडा सुटा बोला: नऊ सहा. स्क्रिप्टमध्येही तो अक्षरात असाच लिहा. कागदावर ‘२४.९६’ लिहिलेलं असलं, की बोलणारा क्षणभर अडखळतो आणि तो अडखळा ऐकू येतो.

मधला भाग आणि लपलेली उजळणी

उद्दिष्ट आणि शेवट शब्दशः लिहायचे, मधल्या प्रात्यक्षिकाच्या मात्र त्या उतरवलेल्या मजकुरावरून फक्त खुणा काढायच्या. तिथं कॅमेरा तुमच्या हातांवर असतो आणि हात काम करत असले की बोलणं आपोआप नैसर्गिक होतं. एका खुणेत तीनच गोष्टी लिहा: हातात काय, बोट कुठं, कुठला शब्द सुटता कामा नये. समजा प्रात्यक्षिकासाठी १८.४६ घेतलंत:

> शून्यावर बोट. डावीकडं कुठली रेघ ओलांडली? अठरा. (शब्द: व्हर्निअरचा शून्य)
> बोट हळूहळू उजवीकडं. समोरासमोर सरळ जुळलेली रेघ एकच. तेविसावी.
> थांबा.
> तेवीस गुणिले पॉइंट शून्य दोन. पॉइंट चार सहा. अठरात मिळवा.

‘थांबा’ लिहिलंय तिथं एक छोटी उजळणी बसते आणि ती उजळणी आहे हे कुणाला कळतही नाही:

> आता आपल्याकडं काय काय आलंय?
> मेन स्केलवरून अठरा. व्हर्निअरवरून तेविसावी रेघ.
> अठरा तर मिलिमीटर झाले. पण तेवीस ही नुसती रेघ आहे, मिलिमीटर नाही. मग तिचं काय करायचं?

पुढच्या पायरीला लागणारं सामान गोळा करण्यासाठी इथं मागे वळून बघितलंय, म्हणून ते खरं वाटतं. ‘तर आत्तापर्यंत आपण पाहिलं की’ अशी सुरुवात करून सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, तर मुलगा बोटानं व्हिडिओ दहा सेकंद पुढं ढकलतो. मध्ये उजळणी घ्यायची की नाही, हे ठरवायला एकच प्रश्न विचारा: ती काढून टाकली तर पुढची पायरी अडते का? अडत नसेल तर काढा.

शेवट

इथं आधी सुरुवातीच्या भांडणाचा निकाल द्या. शाफ्टचं जवळून घेतलेलं चित्र आणा. शून्यानं चोवीस ओलांडलेत, जुळलेली रेघ नऊच्या आकड्यापुढं तिसरी. नऊचा आकडा पंचेचाळिसाव्या रेघेवर असतो, म्हणून ही अठ्ठेचाळिसावी. अठ्ठेचाळीस गुणिले पॉइंट शून्य दोन, पॉइंट नऊ सहा. जॉब पास. हे तुम्ही भरभर सांगा. त्यानंतर नवं चित्र:

> आता हे तुमचं. मी बोलत नाही.
> रीडिंग घ्या. हवं तर व्हिडिओ थांबवा.
>
> (दहा सेकंद शांतता. कापू नये.)
>
> एकतीस पॉइंट सात दोन.
>
> एकतीस पॉइंट तीन सहा आलं का? मग रेघ बरोबर शोधलीत, छत्तिसावीच. तिला पॉइंट शून्य दोननं गुणायचं राहिलं.
> एकतीसच्या जागी तीस किंवा एकोणतीस आलं का? मग शून्यावर बघितलं नाहीत, सरकत्या पट्टीची कड बघितलीत. परत शून्यावर बोट ठेवा.

मला या सगळ्यात शेवटच्या दोन ओळी सर्वांत मोलाच्या वाटतात. तिन्ही पायऱ्यांची उजळणी त्यात पूर्ण झाली, पण मुद्द्यांची यादी म्हणून नाही, चुकांच्या निमित्तानं. प्रत्येक चूक एका पायरीकडं बोट दाखवते. कुठल्या चुका घ्यायच्या, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्गात मुलं वर्षानुवर्षं जी दोन-तीन चुकीची उत्तरं देतात, तीच घ्या. स्वतःची चूक नेमकी ओळखली गेली, की ऐकणाऱ्याला समोर माणूस बोलतोय असं वाटतं, कारण वाचणाऱ्याला त्याचं उत्तर माहीत असण्याचं काही कारण नसतं.

शांततेबद्दल. रेकॉर्डिंगच्या वेळी दहा सेकंद फार लांब वाटतात आणि सर तिसऱ्या सेकंदाला उत्तर देऊन मोकळे होतात. त्या वेळात स्वतः हातातल्या व्हर्निअरचं रीडिंग खरंच घ्या, वेळ बरोबर जातो. एडिटिंग करणाऱ्यालाही आधी सांगून ठेवा, नाहीतर तो रिकामी जागा समजून ती कापतो. आणि चित्र मोबाइलवर उघडून बघा. रेघा मोजता येत नसतील तर मुलगा अंदाज सांगेल आणि तुमची सगळी उजळणी वाया जाईल. जुळलेल्या रेघेच्या आजूबाजूचा भाग मोठा करून दाखवावाच लागतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी

स्क्रिप्ट छापताना एका श्वासाला एक ओळ ठेवा, वर दाखवल्यासारखी. ‘पॉइंट’ एका ओळीत आणि ‘शून्य दोन’ पुढच्या ओळीत असं होऊ देऊ नका. टेलिप्रॉम्प्टर वापरलात तर मजकुराचा स्तंभ अरुंद ठेवा आणि कॅमेऱ्यापासून जरा लांब बसा, म्हणजे डोळे डावी-उजवीकडं पळताना दिसणार नाहीत. पण तुम्हाला मी टेलिप्रॉम्प्टरची शिफारस करणार नाही. चेहरा दिसतो तो भाग मिळून दीड-दोन मिनिटांचाच आहे. तो दोनदा मोठ्यानं बोला, मग कागद पालथा ठेवून कॅमेऱ्यामागं बसलेल्या माणसाकडं बघून तिसऱ्यांदा बोला. शब्द इकडचे तिकडं झाले तरी चालतील. फक्त ‘पन्नास भाग’, ‘पॉइंट शून्य दोन’ आणि ‘तुम्ही’ हे सुटू नयेत.

पुढं हाच व्हिडिओ कन्नडमध्ये करायचा असेल, आणि चिक्कोडी-हुक्केरीकडच्या मुलांसाठी तो लागेलच, तर आत्ताच एक काळजी घ्या. हातांच्या चित्रावर मराठी अक्षरं टाकू नका, फक्त उपकरणावर कोरलेले आकडे दिसू द्या. मग प्रात्यक्षिकाला नवा आवाज देता येतो. उद्दिष्ट आणि शेवट मात्र कन्नड बोलणाऱ्या सरांकडून नव्यानं बोलून घ्या. तुमच्या मराठीचं भाषांतर त्यांच्या हातात दिलंत, तर तेही वाचायला लागतील.

झालेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी स्क्रीनकडं न बघता ऐका. पूर्णविराम कुठं कुठं आहेत हे सगळे मोजता आले, म्हणजे प्रत्येक वाक्य एकाच जागी खाली पडतंय. ती वाक्यं तोडा किंवा त्यातलं एखादं प्रश्नात बदला. मग पहिला एक मिनिट एखाद्या मुलाला दाखवून थांबवा आणि विचारा, पुढं काय होणार आहे? तो ‘व्हर्निअरची माहिती’ म्हणाला तर उद्दिष्ट पोचलेलं नाही, अडचण दाखवणारा भाग पुन्हा लिहा. ‘कुणाचं रीडिंग बरोबर ते मला काढायचंय’ असं म्हणाला तर पुढचा भाग दाखवा. शेवटच्या चित्राचं उत्तर त्याला कागदावर लिहायला सांगा. चुकलं आणि ती चूक तुम्ही सांगितलेल्यांत नसेल, तर तीही शेवटच्या ओळींत घाला आणि तेवढाच तुकडा परत रेकॉर्ड करा.